पुडीवरचा नंबर लावल्यावर पुढं काय होतं?

तंबाखू सोडवणाऱ्या फोनसेवेत पहिल्या फोनपेक्षा परतीचे फोन महत्त्वाचे; हैदराबादला कामाला जाणाऱ्या सीमाभागातल्या माणसाला नेमके तेच चुकतात

हैदराबाद : मलकपेटच्या बाजारात कांदा-मिरचीच्या गाड्या खाली होण्याची वाट बघत उभ्या असतात, तेव्हा ड्रायव्हर-हमालांत मराठी, तेलुगू आणि दखनी अशा तिन्ही भाषा ऐकू येतात. तिन्हींत सारखी असते ती तंबाखू मळायची लकब. डाव्या तळव्यावर चिमूट, त्यावर नखभर चुना, अंगठ्यानं रगडायचं, दोन थापट्या मारायच्या आणि बार ओठाखाली. मळून झाली की पुडी खिशात जाते. त्या पुडीवर, घशाच्या किंवा तोंडाच्या कॅन्सरच्या चित्राखाली, एक नंबर छापलेला असतो : १८००-११-२३५६. सप्टेंबर २०१८ पासून तो तंबाखूच्या प्रत्येक अधिकृत पाकिटावर सक्तीचा आहे. रोज डोळ्यांखालून जात असल्यामुळे तो पाठ झालेले लोकही भेटतील. पण लावला तर पलीकडं कोण बोलतं, काय विचारतं, पैसे पडतात का, पोलिसांत नाव जातं का, याबाबत देगलूर-बिलोलीपासून थेट हैदराबादपर्यंत गैरसमजच जास्त.

पैसे पडत नाहीत आणि पोलिसांचा काही संबंध नाही. ही केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची राष्ट्रीय क्विटलाइन आहे. ३० मे २०१६ रोजी ती दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झाली. सुरुवातीला हिंदी आणि इंग्रजीच होती. पाकिटावर नंबर येणार म्हटल्यावर फोन वाढणार हे उघड होतं, म्हणून २०१८ मध्ये आणखी तीन केंद्रं जोडली गेली : मुंबईचं टाटा मेमोरियल, बंगळुरूचं निम्हान्स आणि गुवाहाटीचं बरुआ कॅन्सर इन्स्टिट्यूट. भाषांची वाटणी त्यानुसार झाली. मराठीसह पश्चिमेकडच्या भाषा मुंबईकडं, तेलुगू-कन्नड वगैरे दक्षिणेकडच्या बंगळुरूकडं.

हैदराबादेत राहणाऱ्या मराठी माणसाच्या दृष्टीनं इथंच पहिली मेख आहे. तो फोन लावतो तेलंगणातून, पण त्याला बोलायचं असतं मराठीत. सुरुवातीला भाषा निवडा म्हणणारा आवाज ऐकला की बाहेरगावी राहून सवय लागलेला माणूस पटकन हिंदी निवडून मोकळा होतो. काम चालतं. बँकेचं, गॅसचं चालतंच की. पण बायकोशी भांडण झालं की चिमूट वाढते, किंवा तंबाखू घेतल्याशिवाय सकाळी पोटच साफ होत नाही, असल्या गोष्टी परक्या भाषेत माणूस सांगत नाही. आणि समुपदेशकाला हव्या असतात नेमक्या त्याच.

पहिला फोन

अशा फोनचा साचा कळावा म्हणून एक नमुना घेऊ. माणूस कल्पनेतला आहे, पण त्याच्यासारखे नांदेड-देगलूर-संगारेड्डी रस्त्यावर रोज दिसतात. वय चाळीस, टेम्पो चालवतो, गाव देगलूर तालुक्यात, आठवड्यातले चार दिवस हैदराबादला फेऱ्या. दिवसाला चार पुड्या, वीस वर्षांपासून.

पहिली काही मिनिटं नोंदीत जातात. वय, शिक्षण, काम, जिल्हा, तंबाखू कोणत्या रूपात, किती, केव्हापासून, घरात आणखी कोणी खातं का, बीपी-शुगर आहे का. लोकांना हा भाग कंटाळवाणा वाटतो आणि काहीजण इथंच फोन ठेवतात. खरं तर याच प्रश्नांत एक असा असतो की ज्यावर पुढचं बरंच ठरतं : सकाळी उठल्यावर पहिला बार किती वेळानं?

आपला टेम्पोवाला म्हणतो, "उठलं की लगेच. त्याच्याबिगर संडासला जाता येत नाही."

समुपदेशकासाठी हे उत्तर किती पुड्या याच्याइतकंच मोलाचं असतं. निकोटिन रक्तातून झपाट्यानं उतरतं, साधारण दोन तासांत निम्मं होतं. म्हणजे रात्रभराच्या झोपेनंतर शरीर जवळपास रिकामं असतं. त्या वेळी जो माणूस तासभर बिनतंबाखूचा राहू शकतो, त्याची ओढ बरीचशी सवयीची. पाच-दहा मिनिटंही ज्याला निघत नाहीत, त्याच्या शरीरालाच ती लागलेली आहे. चुन्याचाही यात हात आहे. चुन्यामुळं तोंडातलं आम्ल कमी होतं आणि निकोटिन ओठाच्या आतल्या कातडीतून भराभर आत शिरतं. नुसती तंबाखू "लागत नाही" असं जुने लोक म्हणतात, त्यामागं हे साधं रसायन आहे. सोबत आणखी दोन-तीन प्रश्न येतात. पिंक गिळता का? ताप येऊन पडून राहिलात तरी खाता का? दिवसातला कोणता बार सोडणं सगळ्यात अवघड वाटतं? याला उत्तर देताना माणूस पहिल्यांदाच स्वतःच्या दिवसाकडं नीट बघतो.

मग येतो तो भाग, ज्यात समुपदेशक उपदेश करत नाही. कॅन्सरची भीती घालायला पाकिटावरचं चित्र आहेच, रोज बघून ते बोथट झालेलं असतं. त्याऐवजी विचारलं जातं, "सोडावं असं आत्ताच का वाटलं?" टेम्पोवाला सांगतो की मुलगी आता आठवीत आहे आणि ती जवळ बसत नाही, वास येतो म्हणते. समुपदेशक पुढं विचारतो, "दादा, सोडायला जमेल याची खात्री दहापैकी किती?" उत्तर येतं, "चार." इथं नवखा माणूस म्हणेल, चारच का? शिकलेला समुपदेशक उलटा प्रश्न टाकतो, "चार कशामुळं? एक का नाही म्हणालात?" मग माणूस स्वतःच्याच बाजूनं बोलायला लागतो. म्हणतो, "मागल्या श्रावणात महिनाभर सोडली होती की."

ही माहिती हाती लागली की फोनचा सूर बदलतो. तो महिना कसा काढला? माळ घातलेल्या मावसभावासोबत राहत होता. तोंडात लवंग ठेवत होता. मोडली केव्हा? लग्नाच्या वरातीत, मित्रानं मळून हातावर ठेवली आणि नाही म्हणवलं नाही. म्हणजे शरीराची पहिली झुंज या माणसानं एकदा जिंकलेली आहे, हरला तो चारचौघांत. त्यामुळं त्याच्या योजनेत लवंग ठरतेच, पण त्याहून जास्त वेळ जातो तो "नाही" कसं म्हणायचं यावर. फोनवरच वाक्य ठरवून दोन-तीनदा म्हणून घेतात. "डॉक्टरनं बंद केली" हे आपल्याकडं चालणारं वाक्य आहे. "मी सोडली" म्हटलं की मित्र जास्तच आग्रह करतात.

तारीख आणि सोमवार

पहिल्या फोनच्या शेवटी तारीख ठरते, सहसा आठवड्याच्या आतली. महिनाभर पुढची तारीख म्हणजे न पाळायची तारीख. तारखेआधीच्या दिवसांत करायची कामं साधी असतात. कुठला बार कोणत्या वेळी आणि कशामुळं, ते चिठ्ठीवर लिहायचं. गाडीच्या कप्प्यातली, उशाखालची, शर्टाच्या वरच्या खिशातली पुडी काढून टाकायची. चुन्याची डबीसुद्धा फेकायची, कारण डबी राहिली की पुडी मागून येते.

आपल्या टेम्पोवाल्याची चिठ्ठी अशी होईल. पहिला बार उठल्याबरोबर, पोट साफ व्हावं म्हणून. दुसरा चहानंतर. पुढं जेवण झालं की. रात्री जोगीपेठच्या पुढं डोळे जड झाले की दोन. मलकपेटला गाडी रिकामी व्हायची वाट बघताना तर मोजदादच नाही. प्रत्येक वेळेला वेगळी तोड लागते. पोटासाठी उठल्याबरोबर दोन पेले कोमट पाणी आणि थोडं चालणं. बद्धकोष्ठ हे तंबाखू सोडल्यावर होणारं नेहमीचं लक्षण आहे आणि दोन-तीन आठवड्यांत ते बहुधा जुळून येतं, हे आधी सांगितलेलं बरं असतं. नाहीतर चौथ्या दिवशी माणूस "मला सोडणं मानवत नाही" असा निष्कर्ष काढतो. रात्रीच्या झोपेला मात्र लवंग-बडीशेपेचा उपाय नाही. झोप येत असेल तर गाडी बाजूला घेऊन वीस मिनिटं झोपणं हाच उपाय, आणि पहिला आठवडाभर रात्रीची फेरी टाळता आली तर फार उत्तम. मालक ऐकेल का, हा प्रश्न समुपदेशकाच्या हातातला नाही.

तारीख निवडताना एक बाब सीमाभागातल्या माणसानं स्वतःच ध्यानात घ्यावी. राष्ट्रीय सेवेची वेळ सकाळी ८ ते रात्री ८, आणि सोमवारी सुट्टी. सोडल्यानंतरचा त्रास, म्हणजे चिडचिड, बेचैनी, डोकेदुखी, झोपमोड, पहिल्या चोवीस तासांत सुरू होतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो. शनिवारी सोडली तर तिसरा दिवस येतो सोमवारी, नेमका फोन बंद. मंगळवार किंवा बुधवार धरला तर अवघड दिवस फोन चालू असताना निघून जातात. हिशेब एवढासाच आहे, पण सोडायचा मुहूर्त म्हणून लोक शनिवारच धरतात, मारुतीचा वार म्हणून.

तलफ आली तर काय, याचं उत्तर जगभरच्या क्विटलाइनवर जवळपास सारखं आहे. थांबा, पाणी प्या, खोल श्वास घ्या, दुसऱ्या कामाला लागा. ऐकायला हे पोरकट वाटतं. त्यामागचं गणित असं की एक तलफ लाटेसारखी चढते आणि काही मिनिटांत उतरते, तंबाखू घेतली तरी आणि नाही घेतली तरी. घेतली की माणसाला वाटतं तंबाखूनं उतरली. पाच मिनिटं हात गुंतवून ठेवणं एवढंच त्या सल्ल्याचं काम. म्हणून चांगला समुपदेशक "मन वळवा" म्हणून सोडून देत नाही, "टायरची हवा बघा, दोऱ्या आवळा, गाडीभोवती एक फेरी मारा" असं त्या माणसाच्या कामातलं काहीतरी सांगतो.

औषध मात्र फोनवर मिळत नाही. निकोटिनचं च्युइंगम दोन मिलिग्रॅमच्या ताकदीचं दुकानात विनाचिठ्ठी मिळतं, पण चघळायची रीत चुकली तर उपयोग होत नाही. चार-सहा वेळा चावायचं, झणझणलं की गालात दाबून ठेवायचं, पुन्हा थोडं चावायचं. पानासारखं सलग चघळलं की रस पोटात जातो, उचकी लागते, मळमळतं, आणि माणूस गम फेकून पुन्हा पुडी काढतो. उठल्याबरोबर बार भरणाऱ्याला याची गरज पडू शकते, तेव्हा समुपदेशकानं जवळच्या दवाखान्याचा रस्ता दाखवणं अपेक्षित असतं. तोंडात न भरणारी जखम, पांढरा चट्टा, किंवा उभी तीन बोटं तोंडात जात नाहीत इतकं तोंड आखडलं असेल, तर फोनवर बोलत बसण्यात अर्थ नाही. समुपदेशकाला तोंड दिसत नाही. हैदराबादेत असाल तर रेड हिल्सचं एमएनजे कॅन्सर रुग्णालय सरकारी आहे. गावी असाल तर जिल्हा रुग्णालयाचा दंतविभाग गाठावा.

परतीचा फोन

आता मुख्य मुद्दा. पंधरा-वीस मिनिटांचा पहिला फोन झाला म्हणजे उपचार झाला, असं समजण्यात चूक आहे. या सेवेचा कणा म्हणजे त्यानंतर केंद्राकडून येणारे फोन. ठरलेल्या तारखेच्या आसपास पहिला, मग पहिल्या दिवसांत जवळजवळ, नंतर लांब लांब अंतरानं. सुरुवातीला दाट का, तर सोडणाऱ्यांपैकी बहुतेकजण पहिल्या आठवड्या-दीड आठवड्यातच पुन्हा सुरू करतात.

जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेनं २०१९ मध्ये याचा हिशेब मांडला. क्विटलाइनला स्वतःहून फोन करणाऱ्यांना थोडीशीच मदत मिळाली तर शंभरातले सुमारे ७ जण सोडतात. केंद्राकडून पुन्हा पुन्हा फोन गेले तर सुमारे १०. तीनचाच फरक, असं कुणी म्हणेल. पण एका केंद्रातून वर्षाला हजारो लोक जातात, आणि फुकट फोनपलीकडं त्या माणसाचा काही खर्च नाही, हे धरलं तर तीन कमी नाहीत. आणखी एक गोष्ट त्यातून दिसते : शंभरातल्या नव्वदजणांना या एका खेपेत जमत नाही. बहुतेकांना सोडायला अनेक खेपा लागतात.

टेम्पोवाल्याचा चौथा दिवस धरा. मलकपेटला गाडी लागलेली, दोन तास झाले, ओळखीचा हमाल मळून हात पुढं करतो. ठरवलेलं वाक्य ओठावर येत नाही आणि चिमूट तोंडात जाते. संध्याकाळी केंद्राचा फोन येतो. इथं दोन शक्यता आहेत. लाजेनं फोन उचलला नाही तर एका चिमटीची पुडी होते आणि आठवड्यात चार पुड्या. उचलला, तर समुपदेशक रागावत नाही. एकदा घसरणं वेगळं आणि पुन्हा सुरू होणं वेगळं, हा फरक तो समजावतो. विचारतो की घेतली तेव्हा कुठं उभे होतात, कोण होतं, किती वेळ रिकामे होतात. चूक वाक्याची नव्हती, दोन तास रिकामं उभं राहण्याची होती, हे तेव्हा उमगतं. पुढच्या फेरीला गाडी लावली की केबिन सोडून दुसरीकडं जाऊन बसायचं ठरतं. दिवस पुन्हा एकपासून मोजायची सक्ती नसते. तीन दिवस निघाले ते निघालेच.

हे सगळं फोन उचलण्यावर अवलंबून आहे, आणि सीमाभागातला माणूस नेमका तिथं निसटतो. अनोळखी नंबर म्हणजे कर्जवाला नाहीतर फसवणारा, ही धास्ती आता सगळ्यांनाच आहे. ती चुकीचीही नाही. गाडी चालवताना फोन घेता येत नाही, आणि रात्री आठनंतर मोकळं झालं तर पलीकडं केंद्र बंद झालेलं असतं. त्यात हैदराबादला एक सिम, गावी दुसरं, आणि पहिला फोन मित्राच्या मोबाइलवरून केलेला असला की परतीचा फोन त्या मित्राला जातो. म्हणून पहिल्याच फोनला दोन गोष्टी पक्क्या करून घ्याव्यात : फोन कोणत्या नंबरवर यावा आणि कोणत्या वेळी. समुपदेशक हे विचारतात. विचारलं नाही तर आपण सांगावं. आणि फोन चुकला तर त्याच फुकट नंबरवर आपणच लावावा.

सेवा नीट मिळाली की नाही हे ओळखायलाही यातूनच खूण मिळते. पहिला बार केव्हा घेता हे विचारलं का, तारीख ठरली का, आणि तारखेच्या आसपास परत फोन आला का. तिन्हीला "नाही" असेल तर मिळालं ते भाषण होतं.

मेसेजची वाट

ज्याला बोलायला वेळ नाही किंवा संकोच वाटतो, त्याच्यासाठी दुसरी वाट मेसेजची. केंद्रानं जागतिक आरोग्य संघटनेच्या साथीनं जानेवारी २०१६ मध्ये, म्हणजे क्विटलाइनच्याही आधी, ती सुरू केली. ०११-२२९०१७०१ या नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा आणि नाव नोंदलं जायचं. मिस्ड कॉलची कल्पना कुणा अधिकाऱ्याची असो, आपल्या लोकांची नाडी ओळखणारी होती.

अशा कार्यक्रमात मेसेज वाटेल तसे येत नाहीत. सोडायच्या तारखेला ते बांधलेले असतात. ब्रिटनमध्ये जवळपास ५८०० लोकांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पहिले पाच आठवडे रोज पाच मेसेज जात, मग सहा महिने आठवड्याला तीन. तलफ आली की "क्रेव्ह" आणि घसरलो की "लॅप्स" एवढा एकच शब्द पाठवायचा, लगेच त्यावरचा मेसेज परत येई. सहा महिन्यांनी लाळ तपासून खात्री केली तेव्हा मेसेज मिळालेल्यांपैकी १०.७ टक्के सुटलेले होते, बाकीच्या गटात ४.९ टक्के. तोंडी उत्तरावर विसंबले नाहीत, म्हणून हा आकडा वजनदार आहे. पण ते सगळे सिगारेट ओढणारे होते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात प्रौढांपैकी २४.४ टक्के लोक धूर नसलेली तंबाखू वापरत होते आणि ओढणारे होते फक्त ३.८ टक्के. सिगारेटवाल्यासाठी लिहिलेला "ॲशट्रे फेकून द्या" हा मेसेज मळून खाणाऱ्याला कशाला लागू?

मराठीची अडचण आणखी वेगळी आणि अगदी यांत्रिक आहे. साध्या मेसेजमध्ये रोमन लिपीची १६० अक्षरं बसतात, देवनागरीच्या मात्र ७० च खुणा. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण, सगळं वेगळं मोजलं जातं. "प्या" या एका अक्षराला चार जागा लागतात. "तलफ आली? पाच मिनिटं थांबा. पाणी प्या. जागा बदला." हा मेसेज ४८ जागांत बसतो. त्यापुढं "आज तिसरा दिवस आहे, उद्यापासून हलकं वाटेल." एवढं जोडलं की ९० होतात आणि मेसेजचे दोन तुकडे पडून खर्च दुप्पट. म्हणून लिहिणाऱ्याला शब्द मोजून लिहावं लागतं, आणि इंग्रजीतून जसंच्या तसं उतरवलेलं वाक्य हमखास सांडतं. रोमन लिपीत मराठी लिहून जागा वाचते, पण चौथी शिकलेल्या हमालाला ते वाचता येत नाही. सरकारी सेवा तर हिंदी-इंग्रजीतच सुरू झाली होती.

मेसेजला आणखी एक मर्यादा आहे. तो विचारू शकत नाही की मलकपेटला कुठं उभे होतात. त्याला वेळ कळते, माणूस कळत नाही. उलट रात्री अकराला डोळे जड झाले असताना फोनकेंद्र बंद असतं आणि मेसेज येऊ शकतो. त्यामुळं एकाऐवजी दुसरं असं न धरता दोन्ही घ्यावं, असं म्हणायला जागा आहे.

पाठ थोपटणारे आकडे

अशा सेवांचं यश सांगताना "इतके टक्के लोकांनी सोडली" असं जाहीर होतं, तेव्हा भागाकार कशानं केला ते बघावं. समजा शंभरजणांनी नाव नोंदवलं, सहा महिन्यांनी चाळीसजणांनी फोन उचलला, त्यातले वीसजण सोडली म्हणाले. उचलणाऱ्यांवर काढलं तर यश ५० टक्के, नोंदवणाऱ्यांवर काढलं तर २०. ज्याची पुन्हा सुरू झाली तोच फोन टाळतो, हे गृहीत धरून शास्त्रीय रीत अशी आहे की न सापडलेला माणूस खातोच असं मानायचं. दुकानदारही उधारी वसूल झाली नाही तर ती नफ्यात धरत नाही. त्यात फोनवर "सोडली" म्हणणाऱ्याची लाळ कोणी तपासत नाही.

आणि हे शंभरजण तरी कोण? ज्यांच्या हातात नंबर छापलेलं पाकीट आलं ते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, पण सीमेपलीकडून चोरून येणारा माल थांबलेला नाही. टपरीवर मळून प्लास्टिकात बांधून मिळणाऱ्या खऱ्यावर नंबर नसतो. सुट्या विडीवर नसतो. गावाकडं चुलीवर भाजून घरीच केलेल्या मिश्रीच्या डबीवर तर नसतोच. मिश्री लावणाऱ्या बायका स्वतःला तंबाखू खाणाऱ्या समजत नाहीत, दात घासतो म्हणतात. घरातला मोबाइल नवऱ्याच्या खिशात हैदराबादला गेलेला असतो. क्विटलाइनला फोन करणाऱ्यांत पुरुषांचाच भरणा का, याचं उत्तर बरंचसं इथं आहे. टेम्पोवाल्याला पहिल्या फोनवर विचारतात की घरात आणखी कोणी खातं का, तेव्हा तो "नाही" म्हणून पुढं जातो. आई आणि बायको रोज सकाळी मिश्री लावतात, ते त्याच्याही हिशेबात नसतं.